छातीचा पट्टा आणि दोनशे एकवीस

सरांनी ते घड्याळ पहिल्यांदा माझ्या हातात दिलं तेव्हा त्यातली वेळ चुकीची होती. जहाजावर नोकरी करणाऱ्या त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं ते कुठल्याशा परदेशी बंदरात घेतलं होतं, आणि ते अजून तिथलीच वेळ दाखवत होतं. सर म्हणाले, वेळ नंतर लावू, आपल्याला वेळेशी काही काम नाही. मग त्यांनी खोक्यातून एक काळा पट्टा काढला. मध्ये कडक प्लॅस्टिक आणि दोन्ही बाजूंना ताणलं जाणारं इलॅस्टिक. तो छातीला बांधायचा. पट्टा हृदयाचे ठोके ओळखणार, ते हवेतून घड्याळाला कळवणार, आणि घड्याळ मिनिटाला किती ठोके पडतात तो आकडा दाखवणार. मधे वायर वगैरे काही नाही.

नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. आम्ही बेलापूरला राहत होतो. मी श्रीरामपूरच्या कॉलेजात बारावीला होते आणि सायकलच्या शर्यतीत उतरत होते. सुरुवातीला सायकल फक्त कॉलेजला जायला होती. पण रोज मला सायकलवरून येणाऱ्या मुलांना मागं टाकत येताना आमच्या खेळाच्या सरांनी पाहिलं आणि कॉलेजच्या खोलीत धूळ खात पडलेली रेसची सायकल मला काढून दिली. तिचं हॅंडल खाली वाकलेलं होतं. आईला ते अजिबात पटलं नव्हतं. पोरगी रस्त्यावरून वाकून जाते, लोक काय म्हणतील, असं ती दोन महिने म्हणत होती. मी तालुक्यात पहिली आले तेव्हा तिनं म्हणायचं थांबवलं. पटलं मात्र तिला पुढेही नाही.

सर फौजेतून निवृत्त झालेले. तरुणपणी पलटणीच्या सायकल संघात होते. उंच, सडपातळ, आणि कधीही आवाज न चढवणारे. मी थांबले की ते दोन बोटं स्वतःच्या मानेला लावून दाखवायचे, मग मी माझ्या मानेला लावायची, आणि ते त्यांच्या मनगटावरच्या घड्याळात बघून दहा सेकंद मोजायचे. जो आकडा येईल त्याला सहानं गुणायचं. पण त्यात एक अडचण होती. थांबल्याबरोबर ठोके उतरायला लागतात. चढावर पायडल मारताना हृदय नक्की कुठं असतं ते त्यांना कधीच कळत नव्हतं. म्हणून त्या काळ्या पट्ट्याकडे ते एखाद्या लहान पोरासारखे बघत होते.

सरांच्या बायकोला मी चाची म्हणायची. पट्टा अंगाला लागूनच बांधायचा होता, कपड्यांच्या आत, छातीच्या जरा खाली. तो मला कसा बांधायचा हे सांगताना सर संकोचले आणि माहितीची पुस्तिका चाचींच्या हातात देऊन अंगणात जाऊन उभे राहिले. चाचींना इंग्रजी येत नव्हतं, पण पुस्तिकेत चित्रं होती. आतल्या खोलीत त्यांनी माझा पट्टा ओढून बांधला, टी-शर्ट खाली केला, घड्याळ माझ्या मनगटावर चढवलं आणि बटण दाबलं. घड्याळात एक छोटं बदामाचं चित्र आलं. त्याखाली दोन शून्यं.

आम्ही वाट बघितली. शून्यच. चाचींनी पट्टा जरा वर केला, जरा खाली केला, आणखी घट्ट केला. शून्यच. बाहेरून सरांनी दोनदा विचारलं, आला का? तिसऱ्यांदा चाची म्हणाल्या की या मुलीला हृदयच नाही असं तुमचं घड्याळ म्हणतंय.

मग सरांनी पुस्तिका खिडकीतून परत मागून घेतली आणि ओळीवर बोट ठेवून वाचली. पट्ट्याच्या आतल्या बाजूला दोन चट्टे होते, खरबरीत रबरासारखे. ठोक्याची बारीकशी वीज कातडीतून तिथं पोहोचते. कातडी कोरडी असेल तर पोहोचत नाही. ते चट्टे आधी पाण्यानं ओले करायचे होते. चाचींनी पाण्याच्या ग्लासात दोन बोटं बुडवली आणि पट्टा थोडा उचलून एकेका चट्ट्यावरून फिरवली. पाणी गार होतं, मी अंग चोरलं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

बदाम लुकलुकायला लागला. मग शून्यांच्या जागी आकडा आला. शहाऐंशी.

"अगं बाई," चाची हळूच म्हणाल्या, "हे तुझंच आहे का?"

मी मानेला बोटं लावली. बदाम लुकलुकत होता आणि माझ्या बोटांखालीही तेच चाललं होतं. ते इतकं सारखं होतं की मला उगीचच लाज वाटली, जणू कुणीतरी माझं आतलं काही बाहेर मांडलं होतं.

सरांना वाटत होतं की घड्याळ आपल्या हातात ठेवावं, मी मैदानाला फेऱ्या माराव्यात आणि त्यांनी खुर्चीवर बसून आकडे लिहावेत. ते जमलं नाही. मी तीन पावलं लांब गेले की घड्याळात पुन्हा शून्यं यायची. पट्ट्याचा आवाका जेमतेम एका हाताचा, म्हणजे घड्याळ चालवणाऱ्याच्याच मनगटावर हवं, नाहीतर सायकलच्या हॅंडलवर. मग सरांनी हॅंडलला रबराचा तुकडा गुंडाळला, त्यावर घड्याळ बांधलं, आणि आकडे वाचायचं काम माझ्यावर सोपवलं. दोनशे वीसमधून वय वजा केलं की आपली वरची हद्द कळते, असं त्यांनी सांगितलं. माझी आली दोनशे तीन. रोजच्या सरावात मी दीडशेच्या आसपास राहायचं, चढाला एकशे ऐंशी चालेल, त्याच्या वर जायचं नाही.

सराव पहाटे उजाडता उजाडता असायचा, बेलापूरहून कोल्हारपर्यंत आणि परत. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस, मधे पाटाचे पूल. गळिताच्या दिवसांत बैलगाड्या आणि ट्रक. एकटी मुलगी त्या रस्त्यावर नको म्हणून आबा, म्हणजे माझे वडील, त्यांच्या मोपेडवरून माझ्या मागं यायचे. ते साखर कारखान्यात फिटर होते. आठच्या पाळीला जायच्या आधी माझ्याबरोबर तीस किलोमीटर मोपेड चालवायची आणि मग दिवसभर कारखान्यात उभं राहायचं, हे त्यांनी दोन वर्षं केलं. थंडीत कानाला मफलर बांधलेले, डिकी नसल्यामुळे पाण्याची बाटली शर्टाच्या आत खोचलेली, पाणी फार गार होऊ नये म्हणून.

ते वीस-पंचवीस पावलं मागं राहायचे. मधूनमधून मोपेड माझ्या बरोबरीला आणायचे, बाटली पुढे करायचे आणि म्हणायचे, "पानी घे." एवढंच. मी दोन घोट घ्यायची, बाटली परत द्यायची, ते पुन्हा मागं जायचे.

पहिल्या आठवड्यातच मला दिसलं की आबा जवळ आले की घड्याळातला आकडा उडी मारतो. एकशे अठ्ठेचाळीसचा एकशे नव्वद. कधी दोनशे दहा. कधी काहीच नाही, नुसती शून्यं. ते मागं गेले की आकडा हळूहळू जागेवर. मला वाटलं, आबा बघतायत म्हणून मी नकळत जोरात पायडल मारत असेन. पण वहीत मात्र मी खरं तेच लिहिलं, कारण सरांनी तसं बजावलं होतं. त्यांनी वही वाचली आणि दोनशे दहावर बोट ठेवलं. कधी आलं, काय करत होतीस, चक्कर आली का, डोळ्यापुढे अंधारी आली का? मी म्हणाले, काहीच झालं नाही सर, पाणी पीत होते.

दुसऱ्या दिवशी सर स्वतः आले. आबांच्या मागं मोपेडवर बसले. कोल्हारच्या अलीकडे, रस्ता सरळ होता तिथं, त्यांनी आबांना गाडी माझ्या शेजारी घ्यायला सांगितली आणि वाकून हॅंडलवरचं घड्याळ बघितलं. मीही बघितलं. दोनशे एकवीस.

"थांब," सर म्हणाले. "उतर. लगेच उतर."

मी उतरले. त्यांनी स्वतः माझ्या मानेला बोटं लावली आणि मोजलं. एकशे छप्पन्न निघाले. घड्याळातही तेवढेच होते, कारण तोवर आबांनी मोपेड बंद करून बाजूला लावली होती. पण हे तेव्हा कुणाच्या लक्षात येणार? सरांना वाटलं, मघाशी ठोके भलतेच वाढले आणि आता उतरले. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. त्यांनी आबांना लांब नेलं नाही, माझ्यासमोरच सांगितलं.

"भाऊ, माझ्याबरोबर पलटणीत एक पोरगा होता. वीस वर्षांचा. धावता धावता पडला. मी त्याच्या मागेच होतो. त्याला कधी काही दुखलं नव्हतं, कधी चक्कर आली नव्हती. मी पुन्हा ते बघणार नाही."

आबांनी सायकल माझ्या हातातून घेतली. बेलापूरपर्यंतचे दहा-अकरा किलोमीटर ते ती ढकलत चालत आले. सर मोपेड चालवत होते आणि मी त्यांच्या मागं बसले होते, पट्टा अजून छातीला, घड्याळ मात्र सरांनी काढून खिशात टाकलेलं. आबांना त्या दिवशी पाळीवर जाता आलं नाही.

श्रीरामपूरच्या डॉक्टरांनी मला आडवं झोपवलं, हातापायांना चिमटे लावले आणि कागदाची लांब पट्टी काढली. पट्टी चांगली होती. पण डॉक्टर म्हणाले की ही झोपलेल्या हृदयाची पट्टी आहे, पळणाऱ्या हृदयाची नाही. ट्रेडमिलच्या पळत्या पट्ट्यावर चालवून बघायची तपासणी पुण्यात होते, तिथली वेळ साडेतीन आठवड्यांनी मिळाली. जिल्ह्याची निवड चाचणी नगरला होणार होती, ती सतरा दिवसांवर. कुणी मला नाही म्हणालं नाही. ती गोष्ट घरात निघालीच नाही, तेवढंच.

आबांनी रेसची सायकल पडवीत खुंटीला टांगली आणि वर चादर घातली. आईनं माझ्या ताटात जास्तीचं तूप वाढायला सुरुवात केली. मी जिना चढले तरी ती खालून बघत राहायची. आबा पाळीवरून आले की हातपाय धुवायच्या आधी माझ्याजवळ यायचे आणि माझं मनगट हातात धरायचे. त्यांच्या बोटांना ग्रीसचा वास असायचा, आणि त्यांची कातडी इतकी जाड झालेली होती की त्यांना माझी नाडी लागायचीच नाही. ते अंगठा इकडे तिकडे फिरवत राहायचे. मी गुपचूप त्यांचं बोट बरोबर जागेवर नेऊन ठेवायची. मग ते डोळे मिटून मोजायचे. किती मोजले ते कधी सांगायचे नाहीत, मी विचारायची नाही. एकदा मात्र म्हणाले, "चांगली चालतीय. लई चांगली चालतीय." आणि मनगट सोडलं नाही.

मला स्वतःला काहीच होत नव्हतं आणि तेच मला जास्त घाबरवत होतं. रात्री कुशीवर वळलं की कानात ठोके ऐकू यायचे, मी मोजायला लागायची आणि मोजण्यानंच ते वाढायचे. त्या दिवशी घरी सोडताना सरांनी घड्याळ परत दिलं होतं, त्यामुळे ते आणि पट्टा माझ्याकडेच होते. सरांनी ते परत मागितले नव्हते, कदाचित त्यांना ते घरात नको असावेत. मलाही नको झाले. एका रविवारी मी आबांना म्हणाले, मला सरांकडे सोडा, हे परत द्यायचंय.

आबांची मोपेड एकदा बंद केली की पुन्हा सुरू व्हायला फार रुसायची, म्हणून थोडक्यात काम असेल तिथं ते इंजिन चालूच ठेवायचे. सरांच्या अंगणात पेरूखाली त्यांनी गाडी उभी केली आणि तिथंच सरांशी बोलत थांबले. मी आत गेले. चाची समोरच्या खोलीत खिडकीला पाठ करून, तांदूळ निवडत टीव्ही बघत होत्या. त्यांनी वळून बघितलं नाही.

"आबांबरोबर आलीस ना?" त्या म्हणाल्या.

मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं, गाडीचा आवाज आला का? त्यांनी टीव्हीकडे हात केला. चित्रावर पांढऱ्या ठिपक्यांच्या ओळी नाचत होत्या, माणसांचे चेहरे तुटत होते, आवाजात खरखर होती. चाचींची तक्रार जुनीच होती. गल्लीतून ट्रक गेला तर काही होत नाही, पण आबांची गाडी दारात आली की मालिकेचं वाटोळं होतं. सरांनी त्यांना एकदा समजावलं होतं म्हणे, त्या गाडीत पेट्रोल पेटवायला ठिणगी पडते, ती ठिणगी टीव्हीच्या हवेत शिरते. ट्रकच्या इंजिनात ठिणगी नसते.

हे सांगून त्या पुन्हा तांदळाकडे वळल्या. मी पट्टा आणि घड्याळ तिपाईवर ठेवलं. चाचींचा हात सुपात थांबला. त्यांनी पट्ट्याकडे बघितलं, मग टीव्हीकडे, मग माझ्याकडे.

"हा पट्टापण हवेतूनच सांगतो ना गं घड्याळाला?"

मी हो म्हणाले. माझ्या डोळ्यापुढे आबांचा बाटली धरलेला हात होता. पाणी घे. दोनशे दहा. पाणी घे. शून्य. दोनशे एकवीसला तर सर वाकून बघायला अगदी माझ्या कोपराला लागले होते, म्हणजे मोपेडही तेवढीच जवळ.

चाचींनी सूप बाजूला केलं, ग्लासात पाणी घेतलं आणि मला आतल्या खोलीत नेलं. या वेळी त्यांनी चट्टे आधीच ओले केले. मी अंगणात येऊन खुर्चीवर बसले, मनगटावर घड्याळ. चाचींनी सरांना एका वाक्यात सांगितलं. सरांनी आबांना मोपेड फाटकापर्यंत मागं घ्यायला सांगितलं.

मी आकडा मोठ्यानं वाचत होते. ब्याऐंशी. मोपेड फाटकाशी चालू. ब्याऐंशी. आबा गाडी ढकलत पेरूपर्यंत आले. चौऱ्याऐंशी. माझ्यापासून चार पावलांवर. त्र्याऐंशी. खुर्चीला अगदी चिकटून. आकडा थबकला, एकशे एकतीस झाला, मग एकशे अठ्ठ्याण्णव, मग दोनशे अठरा. मी खुर्चीवर बसले होते. मी साधा हातसुद्धा हलवला नव्हता.

"बंद करा," सर म्हणाले.

आबांनी इंजिन बंद केलं. अंगणात एकदम शांत झालं. मी वाचत राहिले. दोनशे अठरा, एकशे चाळीस, अठ्ठ्याण्णव, सत्त्याऐंशी.

सरांचं एवढ्यानं समाधान झालं नाही. फौजेतल्या माणसासारखे ते आत गेले, पट्टा स्वतःच्या छातीला बांधून आले, माझ्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले, पुन्हा. मोपेड सुरू व्हायला आबांना बारा-तेरा वेळा पायडल मारावं लागलं. सरांचे ठोके चौसष्ट होते. मोपेड गुडघ्याला लागली तेव्हा घड्याळ म्हणालं एकशे शहाण्णव. सर त्या आकड्याकडे बघून हसले. कोल्हारच्या त्या सकाळनंतर मी त्यांना पहिल्यांदा हसताना बघत होते. मग त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ रुमालानं पुसत बसले.

आबा मोपेड बंद करून पायरीवर बसले होते. चाचींनी त्यांना पाणी दिलं, ते त्यांनी हातातच धरून ठेवलं.

"म्हंजे मी जवळ आलो की हुत हुतं," ते म्हणाले.

सर म्हणाले, गाडीमुळे भाऊ, तुमच्यामुळे नाही.

"तेच म्हनतो मी. पोरीची काळजी म्हनून मागं फिरायचो. आन् मीच समद्यांना भ्या घातलं." त्यांचा आवाज फुटला. मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं. मी खुर्चीवरून उठून पायरीवर त्यांच्या शेजारी जाऊन बसले, आणि त्यांनी सवयीनं माझं मनगट हातात घेतलं. या वेळी मी त्यांचं बोट जागेवर नेलं नाही. त्यांना नाडी सापडलीच नसणार. पण ते धरून बसले.

सरांनी तरीही सगळं मोकळं सोडलं नाही. पुण्याची वेळ रद्द करायची नाही असं त्यांनी ठरवलं, आणि तोवर सराव हळू. घड्याळ खरं बोलतं का ते रोज दोनदा मानेला बोटं लावून ताडून बघायचं. आबांनी मोपेड आणायची नाही. मग आबा पहाटे माझ्याआधी तासभर त्यांच्या जुन्या काळ्या सायकलीवरून निघायचे आणि पाटाच्या दुसऱ्या पुलावर जाऊन उभे राहायचे. तिथं बाटली घेऊन. मी जाताना एक घोट, येताना एक घोट. मधल्या रस्त्यावर सरांनी त्यांच्या ओळखीच्या एका दूधवाल्या काकांना माझ्यावर लक्ष ठेवायला सांगितलं होतं. आकडा आता शहाण्यासारखा वागत होता. दीडशे म्हणजे दीडशे.

निवड चाचणीच्या दिवशी चाची आमच्याबरोबर नगरला आल्या, केवळ पट्टा बांधायला. रस्त्याकडेच्या शाळेच्या एका वर्गात त्यांनी चट्टे ओले केले, आणि बाहेर पडताना माझ्या टी-शर्टाची बाही नीट केली. चाचणी वीस किलोमीटरची होती. सुरुवातीला मी खूप मागं होते, कारण सरांनी सांगितलं होतं, पहिल्या पाच किलोमीटरांत एकशे पासष्टच्या वर जाऊ नकोस, बाकीच्यांना जाऊ दे. त्या गेल्या. मला वाटलं, आता त्या परत दिसणार नाहीत. बाराव्या किलोमीटरला त्यांतल्या दोघी दिसल्या. मग आणखी तिघी. एका ठिकाणी पंचांची मोटरसायकल माझ्या अगदी शेजारून गेली आणि घड्याळ दोनशे तीसवर गेलं. मी मान वर केली, रस्त्याकडे बघितलं आणि मनात दहापर्यंत मोजलं. खाली बघितलं तेव्हा एकशे एकोणऐंशी.

मी तिसरी आले. संघात चार जणी घेतल्या, त्यात मी होते. आबा शेवटच्या रेषेवर नव्हते. ते दोन किलोमीटर अलीकडे एका लिंबाखाली बाटली घेऊन उभे होते आणि मी शर्यतीत पाणी घ्यायला थांबले नाही हे त्यांना फार लागलं. मग कुणीतरी त्यांना निकाल सांगितला. ते चालत आले तेव्हा बाटली अजून शर्टात होती.

पुण्याची तपासणी पुढच्या आठवड्यात झाली. पळत्या पट्ट्यावर मी एकशे शहाण्णवपर्यंत गेले, डॉक्टरांनी कागद बघून हृदय उत्तम आहे असं लिहून दिलं. राज्याच्या स्पर्धेत मी मधेच कुठेतरी आले. पुढे दोन वर्षं सायकल चालवली, मग डी.एड. केलं, मग नोकरी. शर्यती सुटल्या.

पण त्या पट्ट्यानं आमच्या घरात आणखी एक काम केलं, ते सांगायचं राहिलं. निवडीनंतरच्या एका रविवारी आबा म्हणाले, आमाला बी बघू दे. त्यांनी बनियन वर करून पट्टा बांधला. छातीवरच्या केसांमुळे आकडा येईना, आईनं तांब्यातलं पाणी जरा जास्तच ओतलं, आबा ओरडले, आणि मग आला. एकाहत्तर. ते समाधानानं बघत राहिले. मग म्हणाले, आता तू बांध.

आई नको नको म्हणत आत गेली. मी तिला पट्टा बांधला, ती बाहेर येऊन पाटावर बसली, हात मांडीत. आम्ही वाट बघितली. एकशे आठ.

"उठबस केलीय तिनं, थांब जरा," आबा म्हणाले. आम्ही दहा मिनिटं थांबलो. एकशे सहा. मी मानेला बोटं लावून मोजलं. सतरा, गुणिले सहा. मोपेड तर बाहेर, पार रस्त्यापलीकडे होती.

आबांनी तिला विचारलं, तुला काही हुतंय का? ती म्हणाली, काही न्हाई, जिना चढलं की दम लागतो जरा, सगळ्यांनाच लागतो. मला ते तूप वाढण्याचे दिवस आठवले. ती स्वतः काय जेवत होती ते आमच्यापैकी कुणी बघितलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी आबांनी अर्धी पाळी रजा टाकली आणि तिला श्रीरामपूरला नेलं. तिचं रक्त इतकं कमी निघालं की डॉक्टरांनी, ही बाई चालतीय कशी, असं विचारलं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, खजूर आले, आणि आबांनी एक नवी रीत घालून दिली. जेवायला सगळ्यांनी एकदमच बसायचं, आईनं मागून नाही. ती सुरुवातीला अवघडून जायची. भाकरी थापायला उठायची, आबा तिला हातानं खाली बसवायचे.

दर रविवारी आम्ही तिला पट्टा बांधायचो आणि मी सरावाच्या वहीत, माझ्या आकड्यांखाली, तिचा आकडा लिहायची. एकशे चार. नव्याण्णव. पंच्याण्णव. चौथ्या महिन्यात एक दिवस अठ्ठ्याहत्तर आला. आबांनी घड्याळ हातात घेऊन दोनदा वाचलं, मग उठून तिच्या ताटात स्वतः भाकरी वाढली.